फरशीखालचे वीस मिलिमीटर

नाशिकला बहिणीने जुना फ्लॅट घेतला. राहायला गेल्यावर चार महिन्यांतच हॉलमधल्या एका फरशीवर पाय पडला की 'टक' असा आवाज येऊ लागला. मी बांधकामावर देखरेखीचं काम करतो, म्हणून तिने मला बोलावलं. आम्ही ती फरशी उचलली. खरं तर उचलावीही लागली नाही, सांध्यात पटाशी घातली आणि ती सुटून हातात आली. पाठीमागून जवळपास कोरी होती, कारखान्यातून निघालेली असावी तशी. खाली हात घातला तर सिमेंटचा माल नव्हताच, भुरभुरीत रेती होती. ती बोटांनी उकरत गेलो, तेव्हा स्लॅब लागला सहा सेंटिमीटरवर.

सिमेंट कमी पडलं होतं हे तर दिसतच होतं. पण कमी का पडलं, याचं उत्तर त्या सहा सेंटिमीटरमध्ये होतं. मालाच्या थराची जाडी कुणी मोजलीच नव्हती. वीस मिलिमीटर धरून आणलेलं सिमेंट साठ मिलिमीटरच्या थरात पसरलं, की माल तिपटीने पातळ होतो. गवंड्याने लबाडी केली असेल किंवा नसेलही. मोजमाप चुकलं, की प्रामाणिक माणसाच्या हातूनही हेच होतं.

फरशीखालच्या थराची सरासरी जाडी वीस मिलिमीटर आणि कुठेही दहापेक्षा कमी नको, असं सरकारी कामांच्या सीपीडब्ल्यूडी मानकात सांगितलेलं आहे. प्रमाण एकास चार, म्हणजे एक माप सिमेंटला चार मापं जाड रेती. दहाच्या खाली का जायचं नाही, हे रेतीकडे पाहिलं की कळतं. चाळलेल्या रेतीतही चार-साडेचार मिलिमीटरचे दाणे असतात. सहा-सात मिलिमीटरच्या थरात असा एखादा दाणा फरशीखाली खड्यासारखा अडकतो आणि फरशी त्याच्यावर डुलते. शिवाय इतक्या पातळ थरातलं पाणी खालचा स्लॅब ओढून घेतो आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही.

जाड थराचं दुखणं वेगळं आहे. फरशीखालचा माल अर्धसुका असतो. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण तळव्याला पाणी सुटू नये, इतकाच ओला. असा माल पाच-सहा सेंटिमीटर जाड पसरला, तर वरून थापीने आणि हातोडीने दिलेला दाब तळापर्यंत पोहोचत नाही. खालचा भाग सैल राहतो आणि पुढे बसतो. वजनही वाढतं. एक मिलिमीटर जाडीच्या मालाचं वजन चौरस मीटरला साधारण दोन किलो होतं. साठ मिलिमीटरला एकशेवीस किलो, वर फरशीचे वीस किलो. स्लॅबचं गणित करताना फरशीकामासाठी साधारण शंभर किलो धरलेले असतात. म्हणून खोली फार खोल असेल, तर आधी काँक्रीटचा पातळ थर टाकून तो घट्ट होऊ द्यावा आणि मगच त्यावर फरशीचा माल घ्यावा. वरच्या मजल्यावर तर त्या काँक्रीटचं वजनही स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारूनच वाढवावं.

आता सिमेंट आणि रेती किती लागते, ते पाहू. यात एकच गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप येतं: एक मिलिमीटर जाडीचा थर चौरस मीटरभर पसरला, की तो बरोबर एक लिटर होतो. वीस मिलिमीटर म्हणजे वीस लिटर. पण हा झाला तयार, दाबलेला माल. सिमेंट आणि रेती कोरडी मोजतो तेव्हा रेतीच्या दाण्यांमध्ये पोकळी असते. त्या पोकळीत सिमेंट जातं आणि पाणी घालून दाबलं की सगळा ढीग खाली बसतो. म्हणून तयार मालाच्या साधारण सव्वा ते दीडपट कोरडं सामान धरावं लागतं. आम्ही १.३३ धरतो. वीस लिटर मालाला साडेसव्वीस लिटर कोरडं मिश्रण. त्याचे पाच भाग केले तर एक भाग सिमेंट म्हणजे ५.३ लिटर आणि चार भाग रेती म्हणजे २१ लिटरच्या आसपास. सिमेंटच्या लिटरचं वजन १.४४ किलो, म्हणजे चौरस मीटरला ७.७ किलो सिमेंट. पन्नास किलोची एक गोणी ३५ लिटर भरते.

यात फरशी चिकटवायची सिमेंटची स्लरी धरलेली नाही. फरशी आधी मालावर ठेवून, ठोकून लेव्हल बघतात, मग उचलून मालावर मधाइतकी दाट स्लरी ओततात आणि फरशी पुन्हा बसवतात. मानकात या स्लरीसाठी चौरस मीटरला ३.३ किलो सिमेंट दिलेलं आहे. पैसे वाचवायला हाच टप्पा गाळला जातो. बहिणीच्या फरशीची पाठ कोरी होती ती त्यामुळे. शहाबादी फरशीची खालची बाजू ओबडधोबड असायची आणि थोडं पाणीही शोषायची, त्यामुळे तिला माल धरून ठेवायचा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. तिला स्लरीशिवाय धरून ठेवणारं काही नाही, आणि स्लरीनेही ती जेमतेम धरते. मोठ्या आकाराच्या टाइलसाठी टाइल अ‍ॅधेसिव्ह वापरावं असं मला वाटतं. त्याचा थर तीन ते सहा मिलिमीटरचा असतो, म्हणून त्याखालचा कोबा आधीच लेव्हलला हवा.

बहिणीची बेडरूम नव्याने करायची ठरली. दहा बाय बारा फूट, म्हणजे ११.१५ चौरस मीटर. जुन्या फरशा आणि खालची रेती काढली, स्लॅब झाडून धुतला. मग पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन चारही भिंतींवर साधारण मीटरभर उंचीवर एकाच पातळीची रेघ मारली. भिंतींवरच्या दोन रेघांमध्ये दोरी ताणून खोलीच्या नऊ जागी दोरीपासून स्लॅबपर्यंतचं अंतर मोजलं. दाराजवळ सगळ्यांत कमी, ९९० मिलिमीटर. खिडकीच्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त, १०१६. अंतर कमी म्हणजे स्लॅब उंच, जास्त म्हणजे खोल. एकाच खोलीत स्लॅब सव्वीस मिलिमीटर खालीवर होता. जुन्या इमारतीत हे नवल नाही.

दाराजवळच्या उंच जागी बारा मिलिमीटर माल ठेवायचं ठरवलं, कारण दहाच्या खाली जायचं नव्हतं आणि थोडी सूट हवी होती. मग नऊ जागी मालाची जाडी अशी आली: बारा, अठरा, सव्वीस; सोळा, तेवीस, एकतीस; वीस, एकोणतीस, अडतीस. सरासरी चोवीस मिलिमीटर. हीच सरासरी महत्त्वाची. नुसती दाराजवळची जाडी बघून सामान आणलं असतं तर निम्मंच भरलं असतं, आणि कोपऱ्यातली बघून आणलं असतं तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उरलं असतं.

पुढचं गणित सोपं. ११.१५ चौरस मीटरला चोवीस लिटरप्रमाणे २६८ लिटर माल. त्याचे कोरडे ३५६ लिटर. पाचवा हिस्सा सिमेंट, ७१ लिटर, म्हणजे दोन गोण्या. रेती २८५ लिटर, म्हणजे दहा घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा हा ब्रासचा दहावा भाग. स्लरीचं सिमेंट ३७ किलो, म्हणजे पाऊण गोणी. एकूण पावणेतीन गोण्या. आम्ही तीन आणल्या.

रेतीचा आकडा मात्र असा सरळ घेऊ नये. ओलसर रेतीचे दाणे पाण्याच्या पातळ पदरामुळे एकमेकांपासून लांब राहतात आणि ढीग फुगतो. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली रेती फुगत नाही. मी सरळ बाजूंच्या डब्यात तीस सेंटिमीटर उंच ओली रेती सैल भरली, पाणी घालून ढवळली आणि बसू दिली. ती पंचवीसवर आली. म्हणजे वीस टक्के फुगवटा. दहा घनफुटांच्या जागी बारा मागवावी लागली. कालवतानाही एका गोणीला चार नव्हे, तर पावणेपाच ते पाच मापं घ्यावी लागली. नाहीतर माल नको इतका सिमेंटचा होतो आणि सुकताना त्याला केसासारख्या तडा जातात. क्रश सँड घेतली असती तरी हीच चाचणी केली असती.

माप म्हणून घमेलं वापरू नये. एका घमेल्यात रेती शिगोशीग भरते, दुसऱ्यात काठाखाली, आणि बिगारी दमला की त्याचंही माप बदलतं. आम्ही ३५ लिटरचा लाकडी फर्मा वापरला. आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ४० उंच. एका गोणीचं सिमेंट त्यात बरोबर मावतं, म्हणून मोजणी चुकत नाही. वरची रेती पट्टीने सपाट करायची.

माल एकदम सगळा कालवला नाही. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच घेतला, कारण त्यानंतर सिमेंट जमायला लागतं आणि पुन्हा पाणी मारून मऊ केलेला माल धरत नाही. स्लॅबवर पाणी मारून डबकी पुसून घेतली, मग माल पसरला.

आठव्या दिवशी मी जाऊन प्रत्येक फरशी नाण्याने वाजवली. भरीव फरशी ठणठणीत बोलते, पोकळ असेल तर आवाज डब्यासारखा येतो. खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे थर अडतीसचा होता, सगळ्या भरीव निघाल्या. दाराजवळची एक मात्र कोपऱ्यात वाजली. उचलली तेव्हा कळलं की तिथे स्लरी कोपऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. बाकीचा थर दगडासारखा होता, खिळा ओढला तरी फक्त पांढरी रेघ उठली. तेवढा कोपरा खरवडून, उरलेल्या पाव गोणीतलं सिमेंट दाट कालवून ती त्याच दुपारी बसवली.