“चिडली नाहीस ना?”

डोंबिवलीतलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. जोडपं काल्पनिक आहे, पण त्यांचं बोलणं बऱ्याच घरांत ऐकू येईल. लग्नाला चार वर्षं झालेली, दोघंही नोकरी करणारे. ती बँकेत. मार्चअखेर असल्यामुळे साडेआठला घरी पोचते, चपला काढते, “हं” म्हणते आणि हातपाय धुवायला आत जाते. एरवी ती दारातूनच लोकलमधल्या गर्दीची काहीतरी गोष्ट सांगत येते. आज नुसतं “हं”.

जेवताना तो विचारतो, “चिडलीयेस का?”

“नाही रे, दमलेय.”

त्याला हायसं वाटतं. ताटातली पोळी संपेपर्यंत ते टिकतं. मग भांडी बेसिनमध्ये ठेवताना तो म्हणतो, “सकाळी आईच्या फोनवरून मी जे बोललो, त्याचं काही नाही ना?” “अरे, नाही.” या वेळी बरं वाटणं जेमतेम पाच मिनिटांचं. टीव्हीसमोर तिसरा प्रश्न येतो : “खरं सांग हं, मनात ठेवू नकोस.” “नाही म्हटलं ना!” ती म्हणते, आणि आता तिच्या आवाजात खरोखरच चीड असते. तो मनात म्हणतो, बघ, मला आधीच कळलं होतं.

या तिन्ही वेळा ती खरं बोलली. तो तिला खोटारडी समजत नाही, संशयखोरही नाही. तरी तिचं उत्तर त्याच्यापाशी टिकत का नाही? अशा वेळी नातेवाईक म्हणतात, “त्याला जरा समजावून सांग, विश्वास दे.” पण विश्वास तर ती दिवसातून दहा वेळा देतेच आहे. गोम उत्तरात नाही, उत्तरामुळे मिळणाऱ्या सुटकेत आहे.

पोटात कालवाकालव होत असताना एखादी कृती केल्यावर ती थांबली, की ती कृती मन पक्की लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी कालवाकालव सुरू होताच हात आपोआप तिकडेच वळतो. सुटका जितकी झटपट, तितकी सवय घट्ट. शिवाय एक गोष्ट कायमची शिकायची राहून जाते. त्याने विचारलंच नसतं तर काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. बहुधा ती आंघोळ करून आली असती, चहा घेतला असता आणि नऊच्या सुमारास स्वतःहून बोलायला लागली असती. त्याची काळजीही तोवर ओसरली असती. पण प्रत्येक वेळी मध्येच उत्तर मिळाल्यामुळे त्याची समजूत अशी होते, की आपण विचारलं म्हणून निभावलं.

ही काळजी आपली आपण ओसरते का, याचा एक जुना आणि साधा प्रयोग आहे. स्टॅन्ली रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1976 मध्ये प्रसिद्ध केला. सतत हात धुण्याची किंवा पुन्हा पुन्हा तपासून बघण्याची ओढ असलेल्या रुग्णांना, ती ओढ उफाळून येईल अशा परिस्थितीत ठेवलं आणि धुणं-तपासणं पुढे ढकलायला सांगितलं. पुढचे तीन तास अस्वस्थता मोजत राहिले. काहीही न करता ती ओढ आपोआप उतरत गेली. हे मंत्रचळेपणाचे रुग्ण होते, आपल्या डोंबिवलीच्या गृहस्थाला तसा आजार असेलच असं नाही. पण न विचारता बसलं तर घालमेल वाढतच जाईल आणि असह्य होईल, ही जी त्याची धास्ती आहे, तिला या प्रयोगातून मोठा छेद जातो.

आता दुसरा प्रश्न : पहिल्या उत्तराने दहा मिनिटं बरं वाटलं, मग दुसऱ्याने पाचच का? याचं मला सर्वांत पटलेलं स्पष्टीकरण नेदरलँड्समधल्या एका प्रयोगातून मिळतं, आणि त्यात नवरा-बायको कुठेच नाहीत, गॅसची शेगडी आहे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. कुठलाही आजार नसलेल्या लोकांना संगणकाच्या पडद्यावरची शेगडी चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. दुसऱ्या गटाने मधल्या काळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी दोघांनाही विचारलं, शेगडीचे कोणते बर्नर शेवटी तपासले? शेगडी सारखी तपासणाऱ्यांची उत्तरं दुसऱ्या गटाइतकीच बरोबर होती. फक्त त्यांची आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. आठवण शाबूत, भरवसा गायब.

“नाही रे, चिडले नाही” हे वाक्य महिन्यात शंभरदा ऐकलं, की त्याचंही असंच होत असणार. ते ऐकल्याचं आठवतं, पण त्यातला जीव जातो. मग माणूस शब्द सोडून सुराकडे बघायला लागतो. ती बघून बोलली की फोनकडे बघत? “नाही रे” म्हणाली की नुसतं “नाही”? नेमका सूरच असा, की तो प्रत्येक प्रश्नागणिक बिघडत जातो. म्हणजे पुरावा शोधणारा माणूस स्वतःच्याच हाताने विरुद्ध पुरावा तयार करत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी 1976 मध्ये नैराश्याबद्दल लिहिताना हे चक्र मांडलं होतं. खचलेला माणूस जवळच्यांकडे दिलासा मागतो, ते देतात. त्याला शंका येते की हे मनापासून म्हणाले की कर्तव्य म्हणून, तो पुन्हा मागतो, ते थकतात, आणि त्यांचा थकवा त्याला नकारासारखा दिसतो. नैराश्य असो वा नसो, घराघरांत चक्र हेच फिरतं.

यात बायकोचाही हात असतो, पण तो दिसत नाही. तिने “नाही रे” म्हटलं की त्याचा चेहरा सैल होतो आणि तिलाही रात्रीची शांतता मिळते. उत्तर देण्याचं बक्षीस तिलाही लगेच मिळतं. मग ती प्रश्नाच्या आधीच उत्तर देऊ लागते. ऑफिसातून “दमलेय, चिडलेली नाही, येतेय” असा मेसेज टाकते. मुद्दाम हसत घरात शिरते. मैत्रिणीशी फोनवर भांडण झालं असलं तरी चेहऱ्यावर दिसू देत नाही. हे सगळं प्रेमापोटीच चालतं. पण त्यातून नवऱ्याच्या मनात एक नियम ठसतो, की बायकोचा मूड ही रोज तपासून घ्यायची गोष्ट आहे. आणि तिला स्वतःच्या घरात नुसतं दमायचीही मुभा राहत नाही.

यातून बाहेर पडताना घाई केली की घोळ होतो. कुठेतरी वाचून बायको एके दिवशी ठरवते की आता उत्तरच द्यायचं नाही. तो विचारतो, ती गप्प. त्याच्यासाठी ती गप्पाई म्हणजे तीच भीती खरी झालेली. म्हणून बोलणी शांत वेळी व्हायला हवीत, रविवारी नाश्त्यानंतर म्हणा, आणि नियम त्याच्या संमतीने ठरायला हवा. दोघांनी मिळून असं ठरवता येतं : कुठल्याही गोष्टीबद्दल एकदा विचारायचं, तिने एकदा नीट, डोळ्यांत बघून, खरं उत्तर द्यायचं. चिडली असेल तर “हो, चिडलेय” असंही. तेच पुन्हा आलं, तर उत्तराऐवजी आधीच ठरलेलं वाक्य : “हा तो आपला प्रश्न वाटतोय. आत्ता घालमेल होतेय ना? मी इथेच आहे.”

हे वाक्य वरवर दिलाशासारखंच वाटेल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्हस्किस आणि त्यांचे सहकारी दिलासा आणि आधार यांत जो फरक करतात, तो इथे उपयोगी पडतो. दिलासा म्हणजे “तुला वाटतं तसं काहीही नाही”. तो काळजीच्या मजकुराला उत्तर देतो. आधार म्हणजे “तुला त्रास होतोय, तो सोसायला मी बरोबर आहे”. त्याने प्रश्न उघडाच राहतो, पण माणूस एकटा पडत नाही.

त्याच्या वाट्याचं काम म्हणजे विचारणं पुढे ढकलणं. एकदम बंद करायचं नाही, सुरुवातीला अर्धा तास. प्रश्न ओठांवर आला की वेळ आणि काळजीचा दहापैकी आकडा वहीत लिहायचा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा आकडा लिहायचा. समजा 9 वाजून 10 मिनिटांनी आठ होता आणि 9.40 ला पाच. काहीच न करता तीन आकडे उतरले, हे त्याच्याच अक्षरात समोर असतं. काही दिवस आकडा उतरणारही नाही, उलट पहिला आठवडा जास्तच त्रासाचा जातो. त्या वेळी “हे आपल्याला जमत नाही” म्हणून सोडून देणारे पुष्कळ.

आणि प्रश्न वेश बदलून येतात. “सॉरी हं” हा त्यातला सगळ्यात सराईत, कारण त्यावर “अरे, ठीक आहे” हे उत्तर ठरलेलं असतं. उगाच मिठी मारून ती किती घट्ट धरते हे जोखणं, व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं ‘लास्ट सीन’ बघत बसणं, मेव्हण्याला सहज म्हणून फोन लावणं, किंवा काहीही न विचारता सकाळचं संभाषण मनात वीसदा चालवून बघणं. ओळखायची खूण सोपी आहे : ते केल्यावर लगेच बरं वाटलं आणि थोड्याच वेळात पुन्हा करावंसं वाटलं, तर तो तोच प्रश्न.

मात्र प्रत्येक विचारणा या चक्रातली नसते. जोडीदार खरोखर काही लपवत असेल, पूर्वी फसवणूक झाली असेल, घरात हात उगारला जात असेल, तर विचारणं रास्तच आहे, आणि “तू फार असुरक्षित आहेस” असं म्हणून ते दाबणं हा निव्वळ कावा ठरतो. आपल्याकडचा अबोला हेही एक प्रकरण आहे. ज्या घरात रागावल्यावर तीन-तीन दिवस बोलणं बंद होतं, तिथे दुसऱ्याने सारखं “चिडलास का?” विचारणं ही त्या घरानेच लावलेली सवय असते. तिथे आधी अबोला थांबायला हवा. फरक करायला एवढं पाहावं, की नवी माहिती मिळाल्यावर प्रश्न संपतो का. “कुठे होतास?” याला उत्तर मिळालं, पटलं आणि विषय मिटला, तर ती नेहमीची चौकशी. तेच उत्तर मिळूनही प्रश्न उभाच राहिला, तर त्याला माहिती नको होती, शंभर टक्के खात्री हवी होती, आणि दुसऱ्याच्या मनाबद्दल तशी खात्री कुणालाच मिळत नाही.

रोज तास-तासभर यात जात असेल, कामावर लक्ष लागत नसेल, किंवा “माझं तिच्यावर खरंच प्रेम आहे का?” हा प्रश्नच डोक्यात घण घालत असेल, तर तो मंत्रचळेपणाचा एक प्रकार असू शकतो. त्यावर वर्तनोपचार आहेत आणि काहींना औषधांचाही चांगला उपयोग होतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो, सुरुवात तिथूनही करता येते. फक्त तिथे गेल्यावर एक गंमत होते. हा गृहस्थ समुपदेशकालाच दर भेटीला विचारू लागतो, “मी बरोबर करतोय ना? सुधारणा आहे ना?” जाणता समुपदेशक पहिल्यांदा उत्तर देतो. दुसऱ्यांदा तो वही उघडायला सांगतो.