पाटीवरचं नाव आणि कागदावरचं नाव

फेसबुक पेज किंवा जाहिरात खात्यासाठी मेटा कंपनी व्यवसायाची पडताळणी करते, तेव्हा मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात: व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि त्याचा पत्ता किंवा फोन नंबर. बिझनेस सेटिंग्जमधल्या Security Centre या भागात मालक ही माहिती भरतो आणि पुराव्यादाखल कागद जोडतो. तपासणाऱ्याला दुकान दिसत नसतं. त्याच्यासमोर एक फॉर्म आणि एक कागद एवढंच असतं आणि दोन्हींवरचा मजकूर जुळतो की नाही, एवढंच तो ठरवतो. त्यामुळे सगळे कागद खरे असूनही अर्ज नाकारला जाऊ शकतो.

एकल मालकीच्या व्यवसायात हा घोळ जास्त होतो. खाजगी मर्यादित कंपनीला स्वतःचं पॅन असतं. एकल मालकीत मात्र पॅन मालकाच्या व्यक्तिगत नावाचं असतं, कारण कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा वेगळे नसतात. म्हणूनच जीएसटी नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे REG-06 या फॉर्मवर, ‘लीगल नेम’ आणि ‘ट्रेड नेम’ असे दोन रकाने येतात. पहिल्यात पॅनवरचं मालकाचं नाव असतं, दुसऱ्यात धंद्याचं.

समजा, कोल्हापुरात एका बाईंचा मसाल्यांचा धंदा आहे. पेजचं नाव Swad Masale. जीएसटी प्रमाणपत्रावर ट्रेड नेम आहे SHREE SWAD MASALE UDYOG आणि लीगल नेमच्या रकान्यात बाईंचं पूर्ण नाव. बाईंनी फॉर्ममध्ये पेजचंच नाव लिहिलं आणि पुरावा म्हणून पॅन कार्ड जोडलं. अर्ज नाकारला गेला, कारण पॅनवर धंद्याचं नाव नाही आणि पत्ताही नाही. दुसऱ्यांदा त्यांनी जीएसटी प्रमाणपत्र जोडलं, पण फॉर्ममधलं नाव तसंच ठेवलं. ‘श्री’ आणि ‘उद्योग’ हे दोन शब्द गळाल्यामुळे नाव पुन्हा जुळलं नाही.

यावर उपाय पेजचं नाव बदलण्याचा नाही. पेजचं नाव ग्राहकांसाठी असतं, ते कायदेशीर नावापेक्षा वेगळं असलं तरी चालतं. बदलायचा तो फॉर्म. नाव प्रमाणपत्रावर जसं छापलंय, तसंच अक्षरन् अक्षर उतरवायचं. Shree आणि Shri यांतला फरकही सोडायचा नाही. मराठीतल्या कागदावरून नाव रोमन लिपीत लिहिताना स्पेलिंग हटकून बदलतं, म्हणून इंग्रजीत छापलेला कागद असेल तर तो जोडणं सोयीचं.

पत्त्याचा गुंता याहून चिवट असतो. वरच्या उदाहरणात प्रमाणपत्रावरचा मुख्य पत्ता शाहूपुरीतल्या जुन्या गाळ्याचा आहे. धंदा आता राजारामपुरीत भाड्याच्या जागेत चालतो आणि तिथलं वीजबिल जागामालकाच्या नावाने येतं. फॉर्मात राजारामपुरी लिहिली तर ती जीएसटीच्या कागदाशी जुळत नाही. वीजबिलावर पत्ता बरोबर असला तरी नाव परक्याचं असल्यामुळे तो पुरावा निरुपयोगी ठरतो.

इथे दुरुस्ती मुळात करावी लागते. जीएसटी पोर्टलवर Amendment of Registration Core Fields या पर्यायातून REG-14 हा अर्ज भरून मुख्य पत्ता बदलता येतो. ट्रेड नेमही याच मार्गाने दुरुस्त होतं. बदल झाल्यापासून 15 दिवसांत हा अर्ज करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जागामालकाच्या वीजबिलाचा उपयोग होतो तो इथे, कारण भाडेकरारासोबत ते जोडता येतं. मंजुरीनंतर नवं प्रमाणपत्र डाउनलोड करून तेच मेटाला द्यायचं. उद्यम प्रमाणपत्र किंवा धंद्याच्या चालू खात्याचं बँक स्टेटमेंट हेही पर्याय आहेत, पण त्यांवरचं नाव आणि पत्ताही फॉर्माशी तसाच जुळायला हवा. नवी जागा जीएसटीत ‘अतिरिक्त जागा’ म्हणून नोंदवली असेल, तर ती पहिल्या पानावर नसून परिशिष्टात असते. एकच पान अपलोड केलं, तर पत्ता तपासणाऱ्याच्या नजरेलाच पडत नाही.

कागदाच्या कडा कापलेल्या असणं, फोटो धूसर असणं किंवा मुदत संपलेली असणं हीही नकाराची कारणं आहेत, पण ती चटकन सुधारता येतात. फोटोवर खाडाखोड करून पत्ता ‘नीट’ करणं मात्र बनावट कागदात मोडतं आणि त्यापायी खात्यावरच निर्बंध येऊ शकतात.

नकार आल्यावर तोच फॉर्म लगोलग पुन्हा पाठवून काही साधत नाही. आधी प्रमाणपत्र आणि फॉर्म शेजारी ठेवून नाव, गाळा क्रमांक, रस्ता आणि पिनकोड एकेक करून ताडून पाहावेत. चूक फॉर्मात असेल तर ती लगेच सुधारता येते. ती कागदात असेल, तर आधी सरकारदरबारी दुरुस्ती करावी आणि मगच पुन्हा अर्ज करावा.