तांबरमच्या गाडीला वीज कुणाकडून?

मद्रास बीच ते तांबरम या मीटरगेज मार्गावर 1931 साली विजेची गाडी धावू लागली. तारेत 1500 व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह होता. मुंबईत असाच डीसी 1925 पासून होता आणि तो पुढे थेट एकविसाव्या शतकापर्यंत टिकला. चेन्नईने मात्र साठच्या दशकातच 25 हजार व्होल्टच्या एसीकडे वळण घेतलं. जुना डीसी गेला, पण त्याने मागे एक गणित ठेवलं. चेन्नईच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात ते आजही येतं: एकापेक्षा जास्त स्रोत आणि मध्ये काही रोध दिलेले असतात, आणि कोणत्या फांदीतून किती प्रवाह जातो ते सांगायचं असतं. पुस्तकात त्याला चौकोनी आकृती देतात. मला ते रुळांवर ठेवलेलं अधिक आवडतं.

डीसी मार्गाला वीज एका टोकाकडून देत नाहीत. ठरावीक अंतरावर उपकेंद्रं असतात आणि दोन उपकेंद्रांच्या मध्ये असलेल्या गाडीला दोन्हीकडून प्रवाह येतो. वरची तार एक वाट, रूळ परतीची वाट. समजा डाव्या उपकेंद्राचा दाब 1500 व्होल्ट आहे आणि उजव्याचा 1450, कारण पलीकडच्या गाड्यांनी तो थोडा ओढून खाली आणलाय. दोन्हींत दहा किलोमीटर अंतर आहे. तार आणि रूळ मिळून दर किलोमीटरला 0.05 ओहम धरू. हे आकडे सोयीसाठी घेतलेत, त्या काळच्या नोंदींतले नाहीत. गाडी डावीकडून चार किलोमीटरवर उभी असेल, तर डाव्या बाजूला 0.2 ओहम आणि उजव्या बाजूला 0.3 ओहम. गाडी सुटताना 500 अँपिअर ओढते. उपकेंद्रांच्या आतला रोध सोडून देऊ.

आता बहुतेक विद्यार्थी लगेच समीकरणं लिहायला घेतात. त्याआधी मोजणी करावी. अनोळखी राशी किती आहेत? रूळ शून्य व्होल्टवर धरले तर अज्ञात दाब एकच उरतो, गाडीच्या छतावरच्या तारेचा. दोन्ही टोकांचे दाब ठाऊकच आहेत. म्हणजे नोड पद्धतीने एकच समीकरण. लूप पद्धतीने जायचं तर दोन खिडक्या दिसतात, डावे उपकेंद्र ते गाडी आणि गाडी ते उजवे उपकेंद्र, म्हणून प्रवाहही दोन. ही मोजणी अर्ध्या मिनिटाची, पण पुढची दोन पानं वाचवते.

नोडच्या समीकरणात मी एकच शिस्त पाळतो: त्या बिंदूतून बाहेर जाणारा प्रत्येक प्रवाह धन. तो खरोखर कुठे वाहतो याचा अंदाज बांधायचा नाही. म्हणजे तारेतून डावीकडे, तारेतून उजवीकडे आणि गाडीतून खाली, तिन्हींची बेरीज शून्य.

```
(V - 1500)/0.2 + (V - 1450)/0.3 + 500 = 0
V = 1420
```

गाडीला 1420 व्होल्ट मिळतात. डाव्या बाजूला 80 व्होल्टचा फरक, 0.2 ने भागला की 400 अँपिअर. उजवीकडे 30 व्होल्ट, 0.3 ने भागून 100 अँपिअर. बेरीज पाचशे.

लूपने हेच करताना एक अडचण येते. गाडी इथे ठरलेला प्रवाह ओढणारी वस्तू आहे. तिच्या दोन टोकांमधला दाब आधी माहीत नसतो, त्यामुळे तिच्यातून जाणारा कुठलाही लूप पूर्ण लिहिताच येत नाही. उपाय असा की गाडीला वळसा घालून दोन्ही खिडक्या मिळून एकच मोठा लूप घ्यायचा, ज्याला पुस्तकं सुपरमेश म्हणतात. त्यात दोन्ही उपकेंद्रं आणि तारेचे दोन्ही तुकडे येतात, गाडी येत नाही. दुसरं समीकरण गाडीकडूनच मिळतं: दोन्ही प्रवाहांची बेरीज 500.

```
1500 - 0.2*I1 + 0.3*I2 - 1450 = 0
I1 + I2 = 500
```

उत्तर तेच, 400 आणि 100. दोन्ही प्रवाह गाडीकडे जाणारे धरलेत, म्हणून उजव्या रोधाशी अधिकचं चिन्ह आलंय. गुण जातात ते बहुतेक इथेच: आकृतीत बाण एका दिशेला आणि समीकरण दुसऱ्या समजुतीने.

ताळा करायचा तर जो नियम त्या पद्धतीत आपोआपच पाळला जातो, तो लावून उपयोग नाही. नोड पद्धतीत दाबांचा नियम आपोआप पाळला जातो, त्यामुळे प्रवाहांची बेरीज पाहावी. लूपमध्ये प्रवाह आपोआप जुळतात, म्हणून न वापरलेल्या वाटेने दाब मोजावा. सगळ्यांत पक्का ताळा शक्तीचा. डावं उपकेंद्र 600 किलोवॅट देतं, उजवं 145. गाडी घेते 710, तारांत 32 आणि 3 जातात. दोन्ही बाजू 745.

मध्ये आणखी एक गाडी आली तर नोड दोन होतात आणि खिडक्या तीन. गाड्या वाढत गेल्या तरी खिडक्या नोडपेक्षा एकाने जास्तच राहतात, म्हणून रेल्वेच्या असल्या गणितात मी नोडच घेईन. उलट पाच-सहा बिंदू असलेल्या पण दोनच खिडक्यांच्या परिपथात लूप सुटसुटीत. गुस्टाव्ह किरचॉफने 1845 मध्ये विद्यार्थीदशेत हे दोन नियम मांडले. त्यातला कुठला आधी धरायचा हे मात्र परिपथ पाहूनच ठरतं.

आता खरी गंमत. गाडी वेग धरून झाली आणि 200 अँपिअरवर आली. तेच समीकरण 500 च्या जागी 200 घालून सोडवलं की दाब 1456 व्होल्ट येतो. डावीकडून 220 अँपिअर येतात आणि उजवीकडून वजा 20. म्हणजे गाडीच्या वाट्याच्या 200 वर आणखी 20 अँपिअर डावं उपकेंद्र उजव्याला पाठवतंय. हे वजा चिन्ह पाहून विद्यार्थी घाबरून खोडरबर शोधतो. पेपरमध्ये त्याचं उत्तर बरोबर आहे, कारण तिथला स्रोत आदर्श असतो आणि उलटा प्रवाह गिळतो. फिरत्या कन्व्हर्टरचं उपकेंद्रही तो गिळू शकतं.

पण उपकेंद्रात रेक्टिफायर असेल तर उलटा प्रवाह त्यातून जातच नाही. मग वजा 20 हे उत्तर नसून उजवी फांदी तुटल्याची खूण ठरते, आणि गणित तिच्याविना पुन्हा मांडावं लागतं. गाडीचे सगळे 200 अँपिअर डावीकडून येतात, तारेत 40 व्होल्ट जातात आणि गाडीला 1460 व्होल्ट मिळतात. उजव्या उपकेंद्राकडे 1450 च आहेत, गाडीजवळच्या दाबापेक्षा कमी, तेव्हा ते खरोखरच बंद राहील आणि आपलं गृहीतक टिकतं. इथे 1450 पेक्षा कमी दाब आला असता, तर ती फांदी तोडणंच चुकीचं ठरलं असतं.