बारापेड्यांचे वटवाघूळ : दहावीच्या प्रकल्पासाठी घराजवळचा विषय

दहावीच्या मुलांना विज्ञानात जैवविविधतेवर प्रकल्प करायला सांगितला, की स्टेशनरीच्या दुकानातले वाघ, गेंडा आणि सिंहाचे तक्ते हमखास संपतात. प्रकल्पात काझीरंगा येते, गीर येते, पण खानापूर येत नाही. खरे तर आपल्या खानापूर तालुक्यात एक असा प्राणी आहे, की त्या एकाच प्राण्यावर प्रकल्प केला तरी जैवविविधता, संकटग्रस्त प्रजाती, संवर्धनाच्या पद्धती आणि संरक्षित क्षेत्रे हे चारही मुद्दे त्यात येतात. तो प्राणी म्हणजे तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधले वटवाघूळ. कन्नडमध्ये आपण त्याला 'बावली' म्हणतो.

शोध आणि ओळख

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११च्या सुमारास देशातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. त्या पाहणीत बारापेडे गुहांतून मिळालेले नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. तिथले प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये ही वेगळीच जात असल्याचे जाहीर केले आणि मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचे नाव तिला दिले. शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटोनी. मराठीत 'रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ' असे म्हणता येईल. मुक्तपुच्छ अशासाठी, की इतर बहुतेक वटवाघळांची शेपूट मागच्या पायांमधल्या पातळ पडद्यात गुंतलेली असते. याची मात्र पडद्याबाहेर मोकळी राहते. कान मोठे, पुढे झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. अंगावर गडद तपकिरी लव आणि मानेमागे फिकट पट्टा.

हे फळे खाणारे वटवाघूळ नव्हे. चिंचेवर किंवा पिंपळावर उलटी लटकलेली मोठी वाघळे आपण पाहतो, ती वेगळी. हे कीटक खाते. त्याचे पंख लांब आणि अरुंद असतात, त्यामुळे दाट झाडीत वळणे घेत फिरणे त्याला जमत नाही. ते जंगलाच्या माथ्यावरून, मोकळ्या हवेत वेगाने उडत पतंग टिपते. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात : दिवसा शांत, अंधारी गुहा आणि रात्री कीटकांनी भरलेले आकाश. हे दोन्ही नीट लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा प्रकल्प यावरच उभा राहतो.

जैवविविधतेच्या तीन पातळ्या पाठ्यपुस्तकात दिलेल्या असतात, त्या इथे सहज समजतात. ही जात म्हणजे प्रजातींची विविधता. तळेवाडीची वाघळे आणि हजार मैलांहून दूरच्या मेघालयातली वाघळे एकाच जातीची असली, तरी त्यांच्यात आनुवंशिक फरक असू शकतो, ती जनुकीय विविधता. आणि गुहा, तिच्या तळाशी पडणारी विष्ठा, त्या विष्ठेवर जगणारे किडे, बाहेरचे जंगल आणि ओढे ही सगळी मिळून परिसंस्था.

दोन याद्या, दोन अर्थ

प्रकल्पात मुले सर्वांत जास्त गोंधळतात ती इथे. 'संकटग्रस्त' हा शब्द दोन वेगळ्या याद्यांतून येतो. एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची, जिला लाल यादी म्हणतात. ती शास्त्रज्ञांचे मत सांगते, पण तिच्यामुळे कुणाला शिक्षा होत नाही. दुसरी यादी आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींची. ती कायदा आहे.

बारापेड्यांच्या वटवाघळाचे उदाहरण बघा. जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगात फक्त या एका जागी सापडल्याची नोंद होती. त्यामुळे लाल यादीत ती 'अतिसंकटग्रस्त' होती. २०००-०१च्या सुमारास एक नोंद कंबोडियातून आली आणि त्यानंतर मेघालयातूनही. पुढे मेघालयातल्या आणखी गुहांत वसाहती मिळाल्या. तेव्हा २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचा वर्ग बदलून 'पुरेशी माहिती नाही' असा केला.

हे वाचून एखादा विद्यार्थी लिहितो, 'आता या प्राण्याला धोका नाही.' हे चूक आहे. 'पुरेशी माहिती नाही' याचा अर्थ एवढाच, की धोका किती आहे हे ठरवण्याइतके आकडे हाती नाहीत. पेशंटचे रिपोर्ट आले नाहीत म्हणून तो बरा आहे असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. कन्नडमध्ये संकटग्रस्तला 'अळिविनंचिनल्लिरुव', म्हणजे नाशाच्या काठावर असलेला, असा शब्द आहे. इथे तो काठ किती जवळ आहे तेच मोजलेले नाही.

कायद्याच्या यादीत मात्र या वटवाघळाला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला जागा मिळाली. त्याला मारणे किंवा पकडणे हा तीन ते सात वर्षे कैदेचा गुन्हा आहे. त्याच काळात फळे खाणारी बहुतेक वटवाघळे पाचव्या अनुसूचीत, उंदरांबरोबर 'उपद्रवी' म्हणून नोंदलेली होती. २०२२च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच काढून टाकली. हा फरक प्रकल्पात एका तक्त्यात मांडला, तर तपासणारे सर नक्की थांबून वाचतील.

भीमगड आणि शेजारची क्षेत्रे

कायदा प्राण्याला वाचवतो, पण त्याच्या घराचे काय? त्यासाठी संरक्षित क्षेत्र लागते. डिसेंबर २०११ मध्ये कर्नाटक सरकारने सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर केले. बारापेडे गुहा त्यातच येतात. म्हैसूरकडची मुले 'वन्यजीवी धाम' म्हणतात, तेच हे.

संरक्षित क्षेत्रांचे प्रकार पाठ करण्यापेक्षा नकाशावर आपल्याभोवती पाहावेत. भीमगड हे अभयारण्य आहे. इथे परवानगीशिवाय जाता येत नाही, पण आत राहणाऱ्यांचे काही हक्क चालू राहू शकतात. गोव्यातल्या मोलेचा गाभा राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले नियम अधिक कडक असतात आणि गुरे चारायला बंदी असते. दांडेली-अणशी हा २००७ पासून व्याघ्रप्रकल्प असून आता त्याचे नाव काळी व्याघ्रप्रकल्प आहे. दोडामार्गकडचे तिळारी हे २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाले. अशा क्षेत्रात जमीन सरकारची असते, पण कारभारात ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींनाही जागा असते. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांतला हा जंगलाचा पट्टा प्राण्यांच्या दृष्टीने एकच आहे. पतंगामागे उडणाऱ्या वटवाघळाला सीमावाद ठाऊक नाही.

अभयारण्य झाले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. तळेवाडीसारख्या वस्त्या अभयारण्याच्या आत आहेत. तिथली आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. रस्ता, दवाखाना, शाळा यांच्यासाठी त्यांना जंगल तुडवत यावे लागते, शिवाय प्राण्यांची भीती. स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या तळेवाडीच्या कुटुंबांना २०२५ मध्ये सरकारकडून भरपाई द्यायला सुरुवात झाली. प्रकल्पात ही बाजूही यायला हवी. संवर्धनाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नसुद्धा विज्ञानाचाच भाग आहे.

गुहेतच का वाचवायचे?

संवर्धनाच्या पद्धती दोन. प्राणी जिथे राहतो तिथेच त्याचे रक्षण करणे ही अधिवासातली पद्धत आणि प्राणिसंग्रहालयात वा बियाणे पेढीत सांभाळणे ही अधिवासाबाहेरची. आपल्या भूतरामनहट्टीचे राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय दुसऱ्या प्रकारात मोडते. वाघ-सिंह तिथे जगतात. पण उंच आकाशात उडता उडता जिवंत पतंग पकडणाऱ्या वटवाघळाला पिंजऱ्यात काय देणार? म्हणून इथे गुहा सांभाळणे हाच खरा मार्ग उरतो.

गुहा सांभाळणे म्हणजे मुख्यतः तिला एकटे सोडणे. वटवाघळाची मादी साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू देते. उंदराची संख्या घटली तर काही महिन्यांत भरून निघते, वटवाघळांची भरून यायला अनेक वर्षे लागतात. पिल्लांच्या दिवसांत कोणी बॅटरी मारली, फटाका वाजवला किंवा शेकोटीचा धूर केला, तर वाघळे घाबरून उडतात आणि पिल्ले खाली पडतात. असे दोन-तीनदा झाले, की वसाहत ती जागाच सोडू शकते. म्हणून विद्यार्थ्यांनी बारापेड्याला जाऊ नये. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे जाणे गुन्हा आहे, आणि शाळेच्या सहलीने होणारे नुकसान कुठल्याही गुणांनी भरून येणार नाही.

मग प्रयोग कोणता करायचा?

शास्त्रज्ञ वसाहत मोजतात ती पद्धत घराजवळ वापरता येते. जुनी इमारत, देऊळ किंवा पूल, जिथून संध्याकाळी पाकोळ्या बाहेर पडतात, अशी जागा शोधा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटे आधी दोघांनी बाहेर, दूर अंतरावर बसावे, आत जाऊ नये. दर पाच मिनिटांना किती बाहेर आल्या आणि किती परत आत गेल्या, हे दोघांनी वेगवेगळ्या वहीत लिहावे. दिसेनासे होईपर्यंत मोजावे.

समजा एकाने १४२ बाहेर आणि ९ आत अशी नोंद केली, तर बाहेर गेलेल्या १३३. दुसऱ्याची नोंद १३८ आणि ११, म्हणजे १२७. सरासरी १३०. फरक सहाचा आहे, तर नोंद चांगली. फरक तीस-चाळीसचा आला, तर दुसरे भोक लक्षात आलेले नाही किंवा परत येणाऱ्या सुटल्या, असे समजावे. अशी तीन संध्याकाळी मोजणी करावी, कारण पावसाच्या किंवा वाऱ्याच्या दिवशी त्या कमी बाहेर पडतात. आणि निष्कर्षात 'इथे १३० पाकोळ्या आहेत' असे न लिहिता 'किमान १३०' असे लिहावे, कारण न उडालेल्या आतच राहतात. जमिनीवर पडलेल्या पाकोळीला हात लावू नये, वटवाघळांपासून रेबीजसारखे रोग होऊ शकतात.

शेवटच्या पानावर 'झाडे लावा, प्राणी वाचवा' लिहिण्याऐवजी मुलांनी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. या प्राण्याला काय लागते? कायद्याने त्यातले काय राखले आहे? आणि काय अजून राखायचे बाकी आहे? बारापेड्यांच्या बाबतीत गुहा राखली गेली. रात्री तो प्राणी ज्या आकाशात पतंग शोधतो, ते अभयारण्याच्या कुंपणात मावत नाही. भोवतालच्या शेतांत फवारणी वाढली आणि पतंग संपले, तर राखलेली गुहा रिकामी राहील. असे एक वाक्य मुलाने स्वतः शोधून लिहिले, तर प्रकल्प त्याला समजला असे खुशाल मानावे.