सोयाबीनचा दाणा आणि पाच मोटरी

सकाळी ६

सचखंड एक्सप्रेसने जालन्याहून आणलेला खोका उघडला. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात मुक्काम आहे आणि उद्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत हा यांत्रिक हात दाखवायचाय. काम दिसायला लहान: ट्रेमध्ये पसरलेल्या सोयाबीनमधून तडकलेला किंवा परक्या वाणाचा दाणा उचलून बाजूच्या वाटीत टाकायचा. शंभर दाणे मोजून मांडायला प्रयोगशाळांकडे हवा ओढणारी यंत्रं आहेत, ती आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहेत. पण ठरावीक एकच दाणा नेमका वेचायचा असेल, तर आजही माणूसच चिमटा घेऊन बसतो.

हातात पाच सर्वो मोटरी आहेत. बैठक, खांदा, कोपर आणि मनगट यांना एमजी ९९६ आर, चिमट्याला हलकी एसजी ९०. प्रवासात हादरे बसतात, म्हणून आधी प्रत्येक मोटरीला १५०० मायक्रोसेकंदांचा स्पंद देऊन ती मधोमध उभी राहते का ते पाहिलं. कोपराची पट्टी एक दाता सरकलेली निघाली. स्क्रू काढून ती पुन्हा बसवली.

सकाळी ८

चहा झाल्यावर मापं. खांद्याच्या आसापासून कोपराच्या आसापर्यंत १२० मिलिमीटर, कोपरापासून मनगटापर्यंतही १२०, मनगटापासून चिमट्याच्या टोकापर्यंत ९५. खांद्याचा आस टेबलापासून ८० उंच. मापं आसाच्या मध्यापासून मध्यापर्यंतच घ्यायची. पट्टीची लांबी धरली की पुढचं सगळं गणित चुकतं.

कोन दिले तर टोक कुठे जाईल, हे काढणं सोपं. आम्हाला उलटं हवं: दाणा इथे आहे, तर कोन किती? यालाच इन्व्हर्स किनेमॅटिक्स म्हणतात. वरच्या कॅमेऱ्याने एक दाणा बैठकीपासून पुढे १६० आणि बाजूला १२० मिलिमीटरवर दाखवला. त्याचं अंतर २०० आणि बैठकीचा कोन ३६.९ अंश. चिमटा सरळ खाली बघणार आणि त्याचं टोक टेबलापासून ३ मिलिमीटर वर थांबणार. म्हणजे मनगट ९८ मिलिमीटर उंचीवर, खांद्याच्या आसापेक्षा १८ ने वर. उरला तो खांदा, कोपर आणि मनगट यांचा त्रिकोण:

```
D = sqrt(r*r + z*z)
c = (D*D - L1*L1 - L2*L2) / (2*L1*L2)
elbow = acos(c)
```

`r` २०० आणि `z` १८ धरले की `D` येतो २००.८ आणि कोपराचा वाक ६६.४ अंश. दोन्ही पट्ट्या सारख्या असल्याने खांदा त्याच्या निम्मा, अधिक मनगटाकडे जाणाऱ्या रेषेचा ५.१ अंश चढ, म्हणजे ३८.३. पुढची पट्टी आडव्या रेषेखाली २८.१ अंशांवर येते. तेव्हा चिमटा उभा राहावा म्हणून मनगट आणखी ६१.९ अंश खाली वाकवायचं.

याच दाण्याला दुसरंही उत्तर आहे, कोपर खाली घेऊन. गणिताला दोन्ही सारखीच. पण त्यात कोपराचा आस टेबलापासून जेमतेम २४ मिलिमीटरवर येतो आणि मोटरीचा डबा ट्रेच्या कडेवर आपटतो. म्हणून प्रोग्राममध्ये कोपर कायम वरच ठेवलंय. दाणा आवाक्याबाहेर असला तर `c` एकपेक्षा मोठा होतो आणि `acos` संख्याच देत नाही. ती तपासणी आधी करून हात जागेवर थांबवावाच लागतो, नाहीतर मोटरीला काय आदेश जाईल याचा भरवसा राहत नाही.

सकाळी १०

मोठा वीजपुरवठा प्रवासात निकामी झालाय. हाताशी असलेल्या छोट्या अडॅप्टरवर एकेक मोटर छान फिरली. चारही एकदम निघाल्या की मात्र हात दचकायचा आणि सुरुवातीच्या स्थितीत परत जायचा. सहकारी म्हणाला, "दादा, प्रोग्राममध्ये काहीतरी राहिलंय."

"बोर्डावरचा दिवा बघ."

हात दचकला की तो दिवा विझून पुन्हा लागत होता. बोर्डच नव्याने सुरू होत होता. अशी मोटर अडली की एकटी सुमारे अडीच अँपिअर ओढते. चार एकदम हलल्या की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. मल्टिमीटरला ती घसरण पकडता येत नाही, दिव्यावरून कळते.

मंडी हाउसहून व्हायोलेट लाइनने लाल किल्ला स्टेशन, समोर लाजपतराय मार्केट. ६ व्होल्ट, १० अँपिअरचा पुरवठा आणि एक मोठा कपॅसिटर घेऊन दुपारपर्यंत परतलो. मोटरींना वीज थेट या पुरवठ्यातून, बोर्डाला वेगळी, दोघांची ग्राउंड मात्र एकच. दचकणं थांबलं.

दुपारी २

आता दाणाच निसटू लागला. वरून खाली येताना प्रत्येक मोटर आपापला कोन एका दमात गाठत होती, त्यामुळे टोक सरळ उतरण्याऐवजी कमान करत होतं आणि दाण्याला ढकलून देत होतं. उपाय म्हणजे शेवटचे ४० मिलिमीटर एकाच उभ्या रेषेत ५-५ मिलिमीटरचे थांबे धरायचे आणि प्रत्येक थांब्याचे कोन नव्याने काढायचे. हात सावकाश उतरतो, पण दाणा हलत नाही.

दुपारी ४

दिवसाचा सर्वात मोठा वेळ इथे गेला, आणि जावाच लागतो. गणिताला पट्ट्या ताठ वाटतात, दाते घट्ट वाटतात, मोटर सांगितलेल्या कोनावर उभी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात हात लांबवला की वजनाने वाकतो, कारण थोडी चूक उरल्याशिवाय सर्वो जोरच लावत नाही. शिवाय आमचा स्पंद देणारा बोर्ड २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करतो. एका भागाला या मोटरी सुमारे ०.४४ अंश फिरतात. २०० मिलिमीटरवर ती उडी दीड मिलिमीटरची होते. सोयाबीनचा दाणा साधारण सहा-सात मिलिमीटरचा आणि चिमटा चौदा उघडतो, म्हणून हे खपतं. मोहरीला खपणार नाही.

आलेखाचा कागद ट्रेखाली चिकटवला, टोकाला पेन्सिलीचं शिसं लावलं आणि ठरावीक बिंदूंवर हात टेकवला. जवळच्या ओळीत चूक मिलिमीटरभर, लांबच्या ओळीत तीन-चार, आणि प्रत्येक वेळी खालच्याच बाजूला. प्रत्येक बिंदूची दुरुस्ती तक्त्यात भरली, मधल्या जागांसाठी आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाज बांधला. दात्यांमधली ढिलाई तक्त्याने जात नाही. ती सावरायला हात प्रत्येक दाण्याकडे डावीकडूनच नेतो, म्हणजे दाते एकाच बाजूला टेकलेले राहतात.

संध्याकाळी ७

दाणा उचलला जातो, पण शाबूत राहतो का? सोयाबीनचं साल पातळ असतं. त्याला चीर गेली की उगवणीवर परिणाम होतो आणि प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. एसजी ९० ला दाब कळत नाही. तिला फक्त कोन कळतो. म्हणून चिमट्याच्या ओठांवर सिलिकॉनच्या नळीचे तुकडे चढवले आणि बंद होण्याची फट पाच मिलिमीटरवर थांबवली. उरलेला फरक रबर पोटात घेतं.

चिमट्याने उचललेले आणि न उचललेले दाणे वेगवेगळ्या वाट्यांत, ब्लीचच्या पातळ द्रावणात दहा-पंधरा मिनिटं ठेवले. चिरलेल्या सालीचा दाणा पाणी पिऊन टम्म फुगतो, धड दाणा तसाच राहतो. फट चार मिलिमीटर ठेवली तेव्हा उचललेल्यांच्या वाटीत फुगलेले दाणे जास्त दिसले, पाचवर दोन्ही वाट्या सारख्या.

रात्री ९

शेवटी ट्रेची जागा पक्की केली. खांद्यापासून मनगटापर्यंतचं अंतर २०० असताना एक मिलिमीटर पुढे जायला कोपर ०.९ अंशांपेक्षाही कमी उलगडतं. तेच २३८ वर सव्वाचार अंशांहून जास्त, कारण हात जवळजवळ सरळ झालेला असतो. तिथे मोटरी धावतात, टोक थरथरतं. म्हणून लांबची कड २१५ वर आखली, त्यापलीकडचा दाणा हाताने आत सरकवायचा. उद्या तिथल्या लोकांना हे आधी सांगायचं, मग हात सुरू करायचा.