विश्लेषण : माणूस एक, नोंदी दोन… दुबार नोंदणी कशी ओळखतात?

मुंबईतील लोकल प्रवास १५ ऑगस्ट २०२१ पासून करोना लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी खुला झाला. त्या वेळी काही जणांच्या हाती मात्र पहिल्या मात्रेचीच दोन प्रमाणपत्रे होती. दोन्ही मात्रा घेऊनही कागदोपत्री त्यांचे लसीकरण अपुरे होते. कारण ‘कोविन’वर त्यांची नोंदणी दोनदा, वेगवेगळ्या मोबाइल क्रमांकांवरून झाली होती.

घोळ नेमका कसा होतो?

समजा, ६२ वर्षांच्या सुनीताबाईंनी मार्चमध्ये स्वतःच्या मोबाइलवरून, आधार कार्ड दाखवून पहिली मात्रा घेतली. पुढे फोन बंद पडला. दुसऱ्या मात्रेच्या वेळी मुलाने आपल्या क्रमांकावरून, पॅन कार्ड वापरून आईची नव्याने नोंदणी केली. क्रमांक वेगळा, ओळखपत्र वेगळे. त्यामुळे यंत्रणेच्या दृष्टीने ही नवी व्यक्ती आणि तिची ही पहिलीच मात्रा. यात लबाडी कुणाचीच नाही. बहुतेक दुबार नोंदी अशाच घाईगडबडीत होतात.

एका क्रमांकावर एकच नोंद, असा नियम का नाही?

कारण घरात फोन एक आणि माणसे पाच, हे आपल्याकडे नेहमीचेच. कोविननेही एका क्रमांकावर आधी चार आणि जानेवारी २०२२ पासून सहा जणांची नोंदणी करू दिली. मोबाइल किंवा ईमेल हा निरोप पोहोचवायचा पत्ता आहे, माणसाची ओळख नव्हे. ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक मिळून एकदाच वापरता येईल, अशी अट घालता येते. पण सुनीताबाईंसारखी दोन वेगळी ओळखपत्रे आली की ती अट निरुपयोगी ठरते.

मग दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या हे कसे कळते?

आधी लेखन एकसारखे करून घ्यावे लागते. मोबाइलच्या आधीचे शून्य किंवा ‘+91’ काढायचे. जीमेलच्या पत्त्यात नावातल्या टिंबाने फरक पडत नाही, म्हणून ते वगळून तुलना करायची. खरी कसरत नावांची. एका कार्डावर ‘Sunita Ramesh Patil’, दुसऱ्यावर ‘Patil Suneeta Ramesh’. संगणकाला ही दोन सरळसरळ वेगळी नावे. म्हणून शब्द सुटे करून अकारविल्हे लावतात. आता ‘Patil’ आणि ‘Ramesh’ तंतोतंत जुळतात. ‘Suneeta’चे ‘Sunita’ करायला एक अक्षर बदलावे आणि एक गाळावे लागते, म्हणजे अंतर दोन अक्षरांचे. जन्मवर्ष आणि लिंगही जुळले, तर संशय घ्यायला जागा आहे.

जागा आहे, खात्री नाही. १९५९ साली जन्मलेल्या सुनीता पाटील महाराष्ट्रात किती असतील! इथे इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक जुळणीला सारखे गुण द्यायचे नाहीत. ‘पाटील’ जुळले तर थोडे गुण, क्वचित आढळणारे आडनाव जुळले तर जास्त. लिंग जुळणे निम्म्या लोकांच्या बाबतीत योगायोगानेही घडते, त्याला नाममात्र गुण. पूर्ण जन्मतारीख जुळली तर बरेच. बेरीज अगदी कमी आली तर नोंदी वेगळ्या, खूप जास्त आली तर एक. मधल्या नोंदी माणसाने तपासायच्या.

संशय येताच नोंदणी रोखावी का?

नाही. दोन नोंदी चुकून सुट्या राहिल्या तर नंतर जोडता येतात. पण दोन वेगळ्या सुनीताबाई चुकून एक झाल्या, तर एकीची मात्रा दुसरीच्या नावे लागते आणि ती दुसरी लशीवाचून राहू शकते. म्हणून नोंदणी पुढे जाऊ द्यावी आणि ‘यापूर्वी दुसऱ्या क्रमांकावरून नोंदणी केली होती का?’ असे विचारावे. मात्र जुना क्रमांक किंवा पत्ता पडद्यावर दाखवू नये. नाहीतर कुणाचेही नाव आणि जन्मसाल टाकून त्याची माहिती काढता येईल.

जुन्या क्रमांकावर ओटीपी पाठवला तर?

उपाय चांगला, पण अपुरा. सुनीताबाईंसारख्यांचा तो फोन बंदच असतो. शिवाय बंद झालेला क्रमांक भारतात ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, तेव्हा ओटीपी भलत्याच माणसाकडे जायचा. म्हणून जुन्या नोंदीत वापरलेल्या ओळखपत्राचा क्रमांक विचारणे अधिक भरवशाचे. कोविनने पुढे पहिल्या मात्रेची दोन प्रमाणपत्रे एकत्र करण्याची सोय दिली. पण अशी सोय ज्याला स्वतः वापरता येत नाही, त्याच्यासाठी दोन्ही ओळखपत्रे समोर ठेवून तपासणारा कर्मचारी केंद्रावर लागतोच.