शंभर वेळा दिसणारा एक डाग

शहाबादी फरशीचा फोटो ढगाळ दिवशी, अगदी वरून काढावा. ऊन असेल तर एक कड उजळ आणि दुसरी काळवंडलेली येते. समजा, फोटोत 60 सेंटिमीटरच्या चार गुणिले चार फरश्या आहेत. चारही बाजू सांध्याच्या मधोमध कापल्या की 2.4 मीटरचा चौकोन मिळतो. गिंपमधल्या Offset ने तो निम्मा आडवा, निम्मा उभा सरकवला, की कडा मधोमध येऊन जोड उघडा पडतो. तिथे Heal वापरून तो मिटवायचा, पण नव्या कडांना हात लावायचा नाही.

खरी परीक्षा पुढेच. 24 मीटर लांबी-रुंदीच्या दालनात हा चौकोन शंभर वेळा येतो आणि एकच पिवळट डाग रांगेत उभा राहतो. जवळून हे कळत नाही. चित्र लहान करून, डोळे किलकिले करून पाहावं. असे ठळक डाग मूळ चित्रातून पुसून नंतर हवे तिथे सुटे चिकटवावेत. त्यावर 7 मीटरने पुन्हा येणारा पुसट उजेड-काळोखाचा थर द्यावा. 2.4 आणि 7 यांचा मेळ थेट 84 मीटरवर बसतो, म्हणजे दालनाच्या कितीतरी बाहेर. हा थर गडद झाला, तर फरशी ओली वाटते.